जुलैचा रिपोर्ट, एक लिटरची बाटली आणि १८ पीपीएम ॲसिटिलीन

प्रश्न: "आमच्या प्लांटमध्ये १० एमव्हीए, ३३/११ केव्हीचा ट्रान्स्फॉर्मर आहे, ओएलटीसीवाला. मार्चमध्ये लॅबच्या माणसाने काचेच्या सिरिंजमध्ये सॅम्पल नेलं होतं, तेव्हा हायड्रोजन १४०, मिथेन ४८, ॲसिटिलीन नाही, मॉइश्चर १६ पीपीएम. जुलैमध्ये पावसामुळे तो आला नाही म्हणून आम्हीच एक लिटरच्या बाटलीत भरून पाठवलं, मेन टँक आणि ओएलटीसी दोन्हीचं. मेन टँकचा रिपोर्ट: हायड्रोजन ६०, मिथेन ४२, ॲसिटिलीन १८, मॉइश्चर ५८. बीडीव्ही मात्र ६२ केव्ही. तेलाचं तापमान ५५ च्या आसपास, लोड तोच. व्हेंडर म्हणतो लगेच फिल्ट्रेशन करा, साहेब म्हणतात लॅब बदला. काय करू?"

आधी एक काम करा, फिल्ट्रेशनवाल्याला थांबवा. दोन आठवडे थांबल्याने बहुतेक काही बिघडणार नाही, पण गरम करून व्हॅक्युममधून तेल एकदा फिरवलं की त्यातले सगळे गॅस निघून जातात आणि मग खरंच आत काही होतं का हे सांगणारा पुरावाच राहत नाही. "बहुतेक" म्हणतोय कारण १८ पीपीएम ॲसिटिलीन खरं असेल तर ती गोष्ट गंभीर आहे आणि ते खरं की नाही हे आधी ठरवायला हवं. म्हणून बुखोल्झवर, म्हणजे आत गॅस साठला की अलार्म देणाऱ्या रिलेवर, लक्ष ठेवा, अलार्म आला किंवा आवाज बदलला तर खाली लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून ट्रान्स्फॉर्मर बंद करा. तसं काही नसेल तर पुढे वाचा.

मी गेली बावीस वर्षं सबस्टेशन मेंटेनन्समध्ये आहे, त्यातली बरीच वर्षं तेलाच्या सॅम्पलमागे फिरण्यात गेली. तुमचा रिपोर्ट वाचल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती ही की हे आकडे एकमेकांशी भांडतायत. लॅबने मोजलं ते बरोबरच मोजलं असणार, पण बाटलीत जे पोचलं ते तुमच्या टँकमधलं तेल नव्हतं असा माझा संशय आहे. एकेक आकडा घेऊन सांगतो.

हायड्रोजनपासून सुरू करू. आत आर्किंग होऊन ॲसिटिलीन तयार झालं तर त्याच्याबरोबर हायड्रोजन तयार होतोच, भरपूर होतो. इथे ॲसिटिलीन शून्यावरून १८ ला गेलं आणि हायड्रोजन १४० वरून ६० वर आला. ब्रीदरवाल्या ट्रान्स्फॉर्मरमधून कॉन्झर्व्हेटरच्या वाटेने थोडा हायड्रोजन कायम बाहेर जात असतो हे खरं, पण चार महिन्यांत निम्म्याच्या खाली, आणि तेही आत आर्क चालू असताना, हे पटत नाही.

मग हायड्रोजन गेला कुठे? बाटलीतल्या रिकाम्या जागेत. हे नीट समजून घ्या कारण बाकी सगळं यावरच आहे. प्रत्येक गॅसला तेलात राहायची ओढ वेगळी असते. एक लिटर तेल आणि एक लिटर हवा एका बंद भांड्यात ठेवून भरपूर वेळ दिला तर तेलातला साधारण ९५ टक्के हायड्रोजन हवेत निघून जातो, तेलात उरतो जेमतेम ५ टक्के. मिथेनचा तीस टक्के तेलात राहतो. ॲसिटिलीन, इथिलीन, इथेन यांना तेल आवडतं, ते निम्म्याहून जास्त तेलातच बसून राहतात. म्हणजे हवेची छोटीशी जागा मिळाली तरी मार बसतो तो मुख्यतः हायड्रोजनला, थोडाफार कार्बन मोनॉक्साइडला, आणि बाकीचे जवळजवळ जसेच्या तसे.

आता तुमच्या बाटलीचा हिशोब करू. समजा एक लिटरच्या बाटलीत वर ६० मिली जागा राहिली, म्हणजे बोटभर, आपण सगळे सवयीने ठेवतोच तेवढी. ९४० मिली तेल आणि ६० मिली हवा यांच्यात समतोल झाला तर हायड्रोजनचा साधारण ४४ टक्के तेलात उरतो. १४० चे झाले ६१. मिथेनचा ८७ टक्के उरतो, ४८ चे झाले ४२. तुमच्या रिपोर्टमध्ये काय आहे? ६० आणि ४२. इतकं तंतोतंत जुळणं थोडं योगायोगाचंही असेल, कारण लॅबमध्ये बाटली उघडून तेल काढताना अजून काही गॅस उडतो आणि मार्च-जुलैमध्ये टँकमध्येही थोडा फरक पडला असेल, पण दिशा आणि प्रमाण दोन्ही जुळतंय. माझ्या मते तुमच्या टँकमध्ये हायड्रोजन अजूनही १४० च्या आसपासच आहे.

यातला खरा धोका वेगळाच आहे. आपण गुणोत्तरावरून फॉल्ट ओळखतो ना, त्यातलं एक म्हणजे मिथेन भागिले हायड्रोजन. मार्चमध्ये ते ०.३४ होतं, जुलैमध्ये ०.७. आत काहीही न बदलता केवळ बोटभर हवेमुळे ते दुप्पट झालं. अजून थोडी जागा जास्त राहिली असती तर ते १ च्या वर गेलं असतं आणि एखाद्या सॉफ्टवेअरने तुम्हाला थर्मल फॉल्ट म्हणून सांगितलं असतं. उलट बाजूनेही हेच होतं, ज्या ट्रान्स्फॉर्मरमध्ये पार्शियल डिस्चार्ज चालू आहे त्याची मुख्य खूणच हायड्रोजन, आणि कॅनमध्ये नेलेल्या सॅम्पलमध्ये नेमकी तीच खूण पुसली जाते. रिपोर्ट येतो "समाधानकारक".

माझ्याच एका जुन्या साइटवर हे बघितलंय. १३२/३३ केव्ही, २५ एमव्हीए. वर्षानुवर्षं पत्र्याच्या कॅनमधून सॅम्पल जायचं आणि हायड्रोजन ९० च्या आसपास यायचा. मी चार्ज घेतल्यावर सिरिंज आणल्या, आणि पहिल्याच रिपोर्टला हायड्रोजन ३०० आला. काय गोंधळ झाला सांगू, वरून फोन, मीटिंग, ट्रान्स्फॉर्मर उघडायची भाषा, आणि एकाने तर तोंडावर म्हणून दाखवलं की हे नवीन साहेब आले आणि ट्रान्स्फॉर्मर आजारी पडला. मग मी एकाच दिवशी, एकाच व्हॉल्वमधून, पाठोपाठ दोन्ही पद्धतीने सॅम्पल घेतलं. कॅनमध्ये ९५, सिरिंजमध्ये ३००. तेल तेच, दिवस तोच, लॅब तीच. म्हणजे तो ३०० वाला ट्रान्स्फॉर्मर आधीपासूनच ३०० वाला होता, आम्हाला कळत नव्हतं एवढंच. नंतर आम्ही दर महिन्याला सिरिंजने बघत राहिलो, आकडा तिथेच थांबलेला होता म्हणून उघडला नाही. पण समजा तो वाढत असता, तर कॅनवाल्या रिपोर्टमध्ये ते आम्हाला फार उशिरा दिसलं असतं.

म्हणून मार्चचा सिरिंजवाला आणि जुलैचा बाटलीवाला रिपोर्ट एका ग्राफवर मांडू नका. ट्रेंड फक्त एकाच पद्धतीने घेतलेल्या सॅम्पलचा असतो.

आता ॲसिटिलीन, म्हणजे ज्याने तुमची झोप उडालीय ते. तुम्ही लिहिलंय मेन टँक आणि ओएलटीसी दोन्हीचं सॅम्पल घेतलं. माझा प्रश्न: आधी कुठलं घेतलं, आणि नळी एकच होती का? ओएलटीसी म्हणजे चालू लोडवर टॅप बदलणारा भाग, त्याच्या डायव्हर्टरमध्ये प्रत्येक टॅप बदलताना ठिणगी पडते, ते त्याचं कामच आहे, त्यामुळे त्या तेलात ॲसिटिलीन हजारांत असतं. सहा मिमी भोकाची एक मीटर नळी घ्या, तिच्या पोटात २८ मिली तेल मावतं. ओएलटीसीच्या तेलात १००० पीपीएम धरलं आणि नळीतलं त्यातलं १८ मिली तेल जरी मेन टँकच्या एक लिटरच्या बाटलीत पडलं तरी ॲसिटिलीन १८ पीपीएम दिसणार. आणि ओएलटीसीत २००० असेल तर ९ मिलीच पुरे, म्हणजे दोन चमचेसुद्धा नाही. तुमचा ओएलटीसीचा रिपोर्ट काढून बघा, डीजीए, म्हणजे तेलात विरघळलेल्या गॅसची तपासणी, केलं असेल तर आकडा समोरच असेल.

हे नसेल तर दुसऱ्या दोन शक्यता उरतात. एक म्हणजे डायव्हर्टरच्या टाकीचं सील गळतंय किंवा दोन्हीचा कॉन्झर्व्हेटर एकच आहे, वरून हवेची जागा सामायिक आहे आणि तिकडून ॲसिटिलीन झिरपतंय. यात मेन टँकमध्ये ॲसिटिलीन खरंच असतं पण फॉल्ट नसतो. आयईसी ६०५९९ मध्ये यासाठी एक सोपी खूण दिलीय, ॲसिटिलीन भागिले हायड्रोजन २ ते ३ च्या वर गेलं तर ओएलटीसीतून मिसळतंय असं समजायला जागा आहे. तुमचं ०.३ येतंय, पण तुमचा हायड्रोजनचा आकडाच विश्वासाचा नसल्याने आत्ता त्यावरून काही ठरवू नका. आणि तिसरी शक्यता, खरोखर आत आर्क. या तिन्हीतलं कुठलं, हे नवीन सॅम्पलशिवाय मी काय कोणीच सांगू शकणार नाही. नवीन नळीने घेतलेल्या सॅम्पलमध्ये ॲसिटिलीन नाहीसं झालं तर विषय संपला. राहिलं तर दोन्ही टाक्यांच्या लेव्हल बघा, आणि आठवड्याने परत घ्या, वाढतंय का ते बघायला.

मॉइश्चरवर येऊ, व्हेंडरचा सगळा जोर त्याच्यावर आहे. १६ वरून ५८, म्हणजे ४२ पीपीएमची वाढ. एक लिटर तेलाचं वजन ८७० ग्रॅमच्या आसपास, त्यात ४२ पीपीएम म्हणजे सदतीस मिलिग्रॅम पाणी. पाण्याचा एक थेंब साधारण पन्नास मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे तुमचा सगळा "मॉइश्चर प्रॉब्लेम" बाटलीत पडलेल्या पाऊण थेंबात बसतो. बाटली पाण्याने विसळून उपडी वाळवली, झाकणाच्या आट्यांत ओल राहिली, पावसात व्हॉल्वच्या फ्लँजवरून एक थेंब ओघळला, यातलं काहीही पुरे. हातमोज्याचा घामसुद्धा पुरतो, हसू नका, पुरतो.

आणि थेंब नसला तरी नुसती जुलैची हवा पुरते. तीस डिग्रीला तेल साधारण ८३ पीपीएम पाणी विरघळवून घेऊ शकतं. हवेत ८० टक्के आर्द्रता असेल तर उघड्या भांड्यातलं तेल हळूहळू त्याच ८० टक्क्यांकडे जातं, म्हणजे ६६ पीपीएमकडे. ट्रान्स्फॉर्मर कितीही कोरडा असला तरी. बादलीत तेल काढून, त्यातून मग फनेलने बाटलीत ओतलं असेल तर ते तेल पातळ धारेने हवेतून गेलेलं असतं आणि अशा वेळी ते फार पटकन ओलावा ओढतं. त्यामुळे पावसाळ्यात ५० ते ६५ च्या मधला मॉइश्चरचा आकडा बघितला की मी पहिल्यांदा विचारतो की सॅम्पल कोणी आणि कसं घेतलं.

तुमच्या बाबतीत एक साक्षीदार रिपोर्टमध्येच आहे. बीडीव्ही, म्हणजे तेल किती व्होल्टेजपर्यंत टिकतं तो आकडा, ६२. बीडीव्हीची टेस्ट लॅबमध्ये खोलीच्या तापमानाला होते. २८ डिग्रीला तेलाची क्षमता ७६-७७ पीपीएमची, त्यात ५८ असेल तर तेल तीन चतुर्थांश भरलंय. एवढ्या ओल्या, आणि वर सर्व्हिसमधल्या म्हणजे थोडेफार तंतू-कण असलेल्या तेलाचा बीडीव्ही ६२ येणं मला पटत नाही, ते बरंच खाली यायला हवं होतं. बीडीव्हीची बाटली वेगळी भरली होती ना? मग दोन बाटल्यांत दोन वेगळी तेलं होती असंच दिसतंय, आणि त्यातली एक ओली बाटली होती.

अजून एक बाजूने बघा. अंदाजे ६००० लिटर तेल धरलं तर ४२ पीपीएम म्हणजे तेलात फक्त पाव लिटरच्या आतबाहेर पाणी. ऐकायला किरकोळ. पण ट्रान्स्फॉर्मरमधलं पाणी तेलात नसतं, कागदात असतं, तेलात असतो तो नुसता वरचा तरंग. गरम चालू ट्रान्स्फॉर्मरमध्ये तेलाने ५८ वर टिकून राहायचं तर कागदानेही त्या प्रमाणात पाणी प्यायलेलं असलं पाहिजे, म्हणजे कित्येक किलो पाणी आत शिरायला हवं. चार महिन्यांत, सिलिका जेल निळं असताना (ते तरी बघितलंय ना?), ते कुठून शिरणार? एक्स्प्लोजन व्हेंटचा पडदा फुटलेला असेल किंवा वरचं एखादं गॅस्केट उघडं असेल तर शिरेल, तेवढं मात्र डोळ्याने तपासून घ्या, पावसाळा आहे.

तापमानाबद्दल तुम्ही ५५ लिहिलंय ते चांगलं केलंत, पण ते ओटीआयवरून घेतलं असणार. ओटीआय टँकच्या वरच्या तेलाचं दाखवतो आणि तुम्ही सॅम्पल घेतलं खालून, खालचं तेल पाच-दहा-पंधरा डिग्री थंड असू शकतं, लोड आणि कुलिंगवर अवलंबून. मी सॅम्पल घेताना वाहत्या तेलात थर्मामीटर धरतो आणि तोच आकडा लिहितो. का, तर मॉइश्चरच्या पीपीएमला तापमानाशिवाय अर्थ नाही. २५ पीपीएम घ्या. ६० डिग्रीला तेलाची क्षमता २४० च्या आसपास, म्हणजे तेल फक्त दहा टक्के भरलंय, ठीक आहे. तेच २५ पीपीएम २५ डिग्रीच्या तेलात असेल तर क्षमता ६८, म्हणजे ३७ टक्के, आणि ते ओल्या ट्रान्स्फॉर्मरचं लक्षण आहे. आकडा एकच, निष्कर्ष उलटे. शटडाउननंतर थंड पडलेल्या ट्रान्स्फॉर्मरचं सॅम्पल घेऊन "मॉइश्चर कमी आलं, सुधारलं" म्हणणारे पण भेटलेत, अहो ते पाणी कागदात परत गेलं, सुधारलं कुठे.

आता सॅम्पल परत कसं घ्यायचं ते सांगतो. आयईसी ६०४७५ आणि ६०५६७ मध्ये, आपल्याकडे आयएस ६८५५ आणि ९४३४ मध्ये सविस्तर आहे, लॅबवाल्याकडे मिळेल. मी करतो तसं सांगतो.

पाऊस थांबलेला कोरडा दिवस बघा, दुपार सगळ्यात बरी. ट्रान्स्फॉर्मर आदल्या दोनतीन दिवसांपासून नेहमीच्या लोडवर असावा. व्हॉल्व उघडण्याआधी कॉन्झर्व्हेटरची लेव्हल बघा, तेल आहे म्हणजे खालच्या व्हॉल्ववर बाहेरच्या दिशेने दाब आहे. हे वगळू नका. काही कारणाने आत व्हॅक्युम असेल तर व्हॉल्व उघडल्यावर तेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते, आणि चालू ट्रान्स्फॉर्मरमध्ये बुडबुडा वाइंडिंगपर्यंत गेला तर काय होईल ते सांगायला नको. शंका असेल तर नळीत थोडं तेल भरून व्हॉल्व अगदी किंचित उघडा, तेल कुठल्या दिशेला सरकतं ते दिसतं. (सील्ड सीटीचं सॅम्पल मात्र असं कधीच घेऊ नका, त्यात तेल इतकं थोडं असतं की मेकरला विचारल्याशिवाय हात लावू नये.)

ब्लँकिंग प्लेट काढून व्हॉल्वचं तोंड आतपर्यंत पुसा, पण कॉटन वेस्टने नाही. कॉटन वेस्टचे तंतू तेलात जातात आणि बीडीव्ही पाडतात, तंतू न सोडणारं कापड घ्या. मग तेल सोडून द्या. किती, यावर वाद घालतात लोक. ५० मिमीचा ड्रेन व्हॉल्व आणि त्याच्या मागचा वीतभर पाइप यात सुमारे ४०० मिली तेल असतं, आणि ते महिनोन्‌महिने तिथेच बसलेलं, खाली उतरलेलं पाणी आणि गाळ त्यातच. शिवाय तिथे गॅल्व्हनाइज्ड फिटिंग असेल आणि ओल असेल तर जस्त आणि पाण्याच्या रिॲक्शनने तिथल्या तिथे हायड्रोजन तयार होतो, ज्याचा वाइंडिंगशी काही संबंध नसतो. म्हणून मी दोन ते तीन लिटर सोडतो, व्हॉल्व मोठा असेल तर अजून. हे तेल बादलीत जातं, ते परत टँकमध्ये ओतायचं नाही आणि त्यातून सॅम्पल तर अजिबात भरायचं नाही.

मेन टँकचं सॅम्पल आधी, ओएलटीसीचं सगळ्यात शेवटी, आणि वेगळ्या नळीने. मी ओएलटीसीच्या नळीला लाल टेप गुंडाळून ठेवतो, कारण मदतनीस बदलत राहतात आणि प्रत्येकाला व्याख्यान देणं होत नाही. नळी तेल सहन करणारी घ्या, साधं रबर आणि सिलिकॉन नको, त्यातून गॅस आरपार जातो.

काचेची सिरिंज, ५० मिलीची, तीन तोंडांच्या कॉकसकट. नळीतून तेल वाहू द्या, बुडबुडे संपले की कॉक सिरिंजकडे फिरवा आणि तेलाला स्वतःच्या दाबाने प्लंजर ढकलू द्या. प्लंजर ओढायचा नाही! नव्वद टक्के लोक इथे चुकतात. ओढला की आत व्हॅक्युम होतो आणि तेलातलाच गॅस बुडबुडा होऊन बाहेर येतो, आधी कोण येतो, हायड्रोजन. दहा-वीस मिली भरलं की सिरिंज तोंड वर करून उभी धरा, ते तेल हवेसकट कचऱ्याच्या बाजूने ढकलून द्या. असं दोनदा. तिसऱ्यांदा चाळीस मिलीपर्यंत भरा, कॉक बंद करा, नळी काढा. पूर्ण भरायची नाही, प्लंजरला दोन्हीकडे सरकायला जागा हवी, कारण तेल गार होताना आकसतं. पस्तीस डिग्री गार झालं तर अडीच टक्क्यांहून थोडं जास्त, ४० मिलीत एक मिली. प्लंजर मोकळा असेल तर तो एक मिली आत सरकतो आणि बुडबुडा होत नाही. अडकला तर तिथे पोकळी होते आणि गॅस तिकडे धावतो. म्हणूनच प्लंजरला दोरा किंवा टेप लावून घट्ट बांधणं चूक, मी बघितलंय बांधलेलं, पार्सलमध्ये सांडू नये म्हणून.

सिरिंजमध्ये बुडबुडा दिसला तर? कधी दिसला यावर आहे. भरतानाच दिसला तर ती हवा आहे, तेल फेकून परत भरा. तुमच्यासारखंच गणित, ४० मिली तेलात दीड मिली हवा राहिली तरी चाळीस टक्क्यांच्या वर हायड्रोजन तिच्यात जातो. पण बुडबुडा नसलेली सिरिंज भरली आणि दुसऱ्या दिवशी छोटा बुडबुडा दिसला, तर तो आता काढायचा नाही, तो तेलातूनच निघालेला गॅस आहे. लॅबला चिठ्ठीवर लिहा, ते तो मोजणीत धरू शकतात.

मॉइश्चरसाठी वेगळी बाटली लागतच नाही, दुसरी एक सिरिंज भरा आणि लॅबला सांगा कार्ल फिशर यातूनच करा. बाटलीचा सगळा प्रश्नच मिटतो. मी दर वेळी तीन भरतो, दोन डीजीएला, एक मॉइश्चरला. दोन डीजीएचे आकडे एकमेकांपासून पंधरावीस टक्क्यांत असले तर सॅम्पल नीट झालंय, हायड्रोजनमध्येच मोठा फरक आला तर एका सिरिंजमध्ये हवा गेलीय किंवा तिचा कॉक गळतोय. सिरिंजपण म्हातारी होते, चांगल्या सिरिंजमधून आठवड्यात अडीच टक्क्यांपेक्षा जास्त हायड्रोजन जाता कामा नये असं आयईसी म्हणतं, तेव्हा लॅबकडे तपासलेली मागा. बीडीव्ही, ॲसिडिटी वगैरेसाठी मात्र बाटली लागेल, ती गडद काचेची, ओव्हनमध्ये १०० च्या वर वाळवून झाकण लावून गार केलेली, आणि नळी तळापर्यंत घालून खालून वर भरायची, धार वरून सोडायची नाही.

सिरिंज उन्हात ठेवू नका, खोक्यात घाला, आणि दोनतीन दिवसांत लॅबमध्ये पोचतील असं बघा. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून नेलेली सॅम्पल मला माहीत आहेत.

लॅब बदलण्याबद्दल, आत्ता बदलू नका. नवीन लॅब आणि नवीन सॅम्पल दोन्ही एकदम बदललं तर फरक कशामुळे पडला ते परत कळणार नाही. त्याच लॅबला, मार्चसारखंच सिरिंजमध्ये पाठवा. माझा अंदाज हायड्रोजन १३०-१५०, मॉइश्चर विशीच्या आसपास, ॲसिटिलीन नाही. मॉइश्चर पावसाळ्यात मार्चपेक्षा थोडं वर आलं तरी घाबरू नका, तुमचं व्होल्टेज ७२.५ केव्हीच्या खाली आहे, त्या गटात ३० च्या आत चांगलंच धरतात. मॉइश्चर परत ४० च्या वर आलं तर मी माझे शब्द मागे घेतो आणि मग व्हेंडरशी बोला, पण तेव्हाही फक्त तेल फिल्टर करून दोन महिने बरं दिसतं, कागदातलं पाणी परत तेलात येतं, त्यामुळे त्याला आधी पाणी शिरतंय कुठून ते शोधायला लावा.

लेबलवर एवढं लिहा: ट्रान्स्फॉर्मरचा सीरियल नंबर, मेन टँक की ओएलटीसी, कुठला व्हॉल्व, तारीख-वेळ, वाहत्या तेलाचं तापमान, ओटीआय, लोड, हवेची आर्द्रता, किती लिटर सोडलं, बुडबुडा होता का, आणि सॅम्पल घेणाऱ्याचं नाव. नाव लिहायला लावलं की माणूस नळी बदलतो, अनुभव आहे. रिपोर्ट आला की इथेच टाका, दोन्ही सिरिंजचे आकडे वेगवेगळे टाका, सरासरी काढून नको.